O²⁻, F⁻, Na⁺: इलेक्ट्रॉन सगळ्यांचे दहाच, मग आकार वेगळे का? आणि दोन पुस्तकांतले आकडे जुळत का नाहीत?

मृण्मयी_अकरावी

नमस्कार. अकरावी सायन्सला आहे, सीईटीची तयारी चालू आहे. प्रश्न असा होता: O²⁻, F⁻, Na⁺, Mg²⁺, Al³⁺ हे आयन आकाराच्या उतरत्या क्रमाने लावा. उत्तर दिलंय त्याच क्रमाने, म्हणजे O²⁻ सगळ्यात मोठा आणि Al³⁺ सगळ्यात लहान.

उत्तर पाठ करता येईल, पण मला दोन ठिकाणी अडतंय.

पहिलं म्हणजे, अणुत्रिज्येच्या तक्त्यात फ्लोरिनचा अणू 64 पिकोमीटर आणि सोडियमचा 186. सोडियम जवळजवळ तिप्पट मोठा. आयन झाल्यावर मात्र F⁻ 136 आणि Na⁺ 95. एकेक इलेक्ट्रॉन इकडचा तिकडे झाल्याने एवढी उलथापालथ कशी होते?

दुसरं म्हणजे, एका पुस्तकात Na⁺ 95 आणि F⁻ 136 आहे, दुसऱ्यात Na⁺ 102 आणि F⁻ 133. दोन्ही छापील पुस्तकं आहेत, दोन्हीत ‘आयनिक त्रिज्या’ असंच लिहिलंय. खरा आकडा कुठला?

---

विनू_कणकवली

पहिल्याचं उत्तर अगदी सोपं आहे. धन आयन नेहमी लहान असतो आणि ऋण आयन नेहमी मोठा. आधी ऋण आयन लिहायचे, त्यात ज्याच्यावर ऋण प्रभार जास्त तो पहिला. मग धन आयन, त्यात ज्याच्यावर धन प्रभार जास्त तो शेवटी. −2, −1, +1, +2, +3. झालं उत्तर. मी बारावीला याच युक्तीने सगळे प्रश्न सोडवले होते, एकही अडला नाही. आकडे पाठ करायची गरजच नाही.

---

स्फटिकवेडा

विनू, तुमच्या युक्तीने या प्रश्नाचं उत्तर बरोबर येतं, पण ‘नेहमी’ हा शब्द काढायला हवा. सीझियमचा Cs⁺ हा धन आयन आहे आणि कुठलाही तक्ता उघडला तरी तो F⁻ पेक्षा बराच मोठा निघतो, 167 च्या आसपास. युक्ती या पाच आयनांना लागू पडते, कारण पाचही जणांकडे दहाच इलेक्ट्रॉन आहेत. म्हणून मृण्मयी, क्रम लावण्याआधी प्रत्येकाचे इलेक्ट्रॉन मोजायचे. ते सारखे निघाले तरच पुढे जायचं.

सारखे निघाले की उरतो तो केंद्रकातल्या प्रोटॉनचा फरक. ऑक्सिजनकडे 8, फ्लोरिनकडे 9, सोडियमकडे 11, मॅग्नेशियमकडे 12, ॲल्युमिनियमकडे 13. इलेक्ट्रॉनांची मांडणी पाचही ठिकाणी एकच: आत दोन, बाहेर आठ. तेच आठ इलेक्ट्रॉन आठ प्रोटॉनांनी ओढले तर सैल राहतात, तेरांनी ओढले तर आत खेचले जातात. प्रभाराचं चिन्ह हा त्याचा परिणाम आहे, कारण नव्हे.

आता तुमची उलथापालथ. सोडियमचा अणू मोठा दिसतो तो त्याच्या एकट्या अकराव्या इलेक्ट्रॉनामुळे. तो तिसऱ्या कवचात आहे आणि आतल्या दहा इलेक्ट्रॉनांनी केंद्रकाची ओढ त्याच्यापासून बरीचशी अडवलेली आहे. तो गेला की तिसरं कवचच रिकामं होतं आणि बाहेरचा काठ थेट दुसऱ्या कवचावर येतो. 186 चा 95 होतो तो यामुळे. फ्लोरिनकडे असं कुठलं कवच जात नाही. दुसऱ्या कवचात सात होते तिथे आठ होतात, प्रोटॉन नऊच राहतात, आणि आठ जणांची आपसातली ढकलाढकल वाढल्याने ढग पसरतो.

एक सावधगिरी. 64 आणि 136 हे दोन आकडे एकाच रीतीने मोजलेले नाहीत. 64 हा बंधाने जोडलेल्या दोन अणूंमधल्या अंतरातला फ्लोरिनचा वाटा आहे, आणि तिथे दोन्ही ढग एकमेकांत शिरलेले असतात. 136 ही स्फटिकातली वाटणी आहे. त्यामुळे ‘फ्लोरिन दुपटीहून जास्त फुगला’ असं त्यातून काढू नका. तो फुगतो हे खरं, पण तितका नाही.

---

धनंजय_यवतमाळ

विषय वाचून थांबलो, कारण आमच्याकडे फ्लोराइड हा पुस्तकातला आयन नाही, विहिरीतला आहे. आमच्या भागात कित्येक बोअरच्या पाण्यात तो 1.5 मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या वर निघतो. लहान मुलांच्या दातांवर डाग आहेत, म्हाताऱ्यांचे सांधे आखडलेले आहेत.

माझा प्रश्न वेगळा आहे. वरच्या आकड्यांप्रमाणे F⁻ हा Na⁺ पेक्षा बराच मोठा आहे. मग बारीक छिद्रांची जाळी वापरून सोडियम जाऊ द्यायचा आणि फ्लोराइड अडवायचा, असं का करत नाहीत? आमच्या गावात बसवलेल्या यंत्रात पांढरे दाणे भरलेले होते, जाळी नव्हतीच.

---

स्फटिकवेडा

धनंजय, इथे चाललेले आकार कोरड्या स्फटिकातले आहेत. पाण्यात दोन्ही आयन पाण्याच्या रेणूंच्या वेढ्यात असतात आणि जाळीपुढे येतो तो वेढ्यासकट आयन. त्या अवस्थेत 95 आणि 136 हा फरक कामाला येत नाही. शिवाय पाण्यात धन आणि ऋण प्रभार बरोबरीने जावे लागतात. एक आयन अडवून दुसरा मोकळा सोडला तर लगेच विद्युत ओढ उभी राहते.

तुम्ही पाहिलेले पांढरे दाणे बहुधा सक्रिय ॲल्युमिनाचे असावेत. त्यात गाळणं होत नाही, दाण्यांच्या पृष्ठभागावर फ्लोराइड चिकटतं. ॲल्युमिनियमवर बसलेल्या हायड्रॉक्साइडची जागा ते घेतं. म्हणून ते दाणे काही काळाने भरतात आणि धुऊन पुन्हा तयार करावे लागतात. ते झालं नाही तर पाणी येतं, पण फ्लोराइड तसंच येत राहतं, आणि चवीवरून ते कळत नाही.

आकाराचा खरा संबंध दात आणि हाडांत आहे. त्यांच्या खनिजात OH⁻ च्या जागा असतात. OH⁻ मध्येही इलेक्ट्रॉन दहाच, आकार सुमारे 137, प्रभार −1. F⁻ 133, प्रभार तोच. म्हणून तो त्या जागी सहज जाऊन बसतो. O²⁻ आकाराने जवळचा आहे, पण प्रभार दुप्पट असल्याने त्याला तशी सरळ अदलाबदल जमत नाही.

---

धनंजय_यवतमाळ

दाणे धुण्याचं कधी कुणी सांगितलंच नव्हतं. यंत्र बसवून गेले ते गेलेच. आता पाण्याचा नमुना पुन्हा तपासायला देतो. आभार.

---

मृण्मयी_अकरावी

सर, पहिला भाग कळला. पण दुसरा राहिला. 95 की 102? आणि हे मोजतात तरी कसं?

---

स्फटिकवेडा

यावर जरा सविस्तर लिहितो, कारण पुस्तकं इथेच घाई करतात.

क्ष-किरणांनी सोडियम फ्लोराइडचा स्फटिक तपासला की एक गोष्ट फार नेमकी मिळते: शेजारच्या Na आणि F च्या केंद्रकांमधलं अंतर. ते 231 पिकोमीटरहून किंचित जास्त आहे. यावर वाद नाही. पण त्यातले सोडियमचे किती आणि फ्लोरिनचे किती, हे ते अंतर सांगत नाही. दोन शेतांची मिळून लांबी माहीत आहे, बांध कुठे घालायचा ते ठरवायचं आहे, अशी ही अवस्था.

लायनस पॉलिंगने 1927 मध्ये बांध घालायची एक रीत दिली. दोन्ही आयनांत इलेक्ट्रॉनांची मांडणी सारखी, मग आकार केंद्रकाच्या प्रत्यक्ष पोचणाऱ्या ओढीच्या व्यस्त प्रमाणात धरायचा. स्लेटरच्या नियमाने तुम्ही स्वतः करून बघा. बाहेरच्या आठांपैकी एका इलेक्ट्रॉनाच्या नजरेने पाहायचं. त्याच्याच कवचातले बाकीचे सात प्रत्येकी 0.35 अडवतात, आतले दोन प्रत्येकी 0.85. बेरीज 2.45 + 1.70 = 4.15. मांडणी सारखी असल्याने हा आकडा आपल्या पाचही आयनांना एकच आहे.

मग F⁻ मध्ये पोचणारी ओढ 9 − 4.15 = 4.85, आणि Na⁺ मध्ये 11 − 4.15 = 6.85. आता 231 ची वाटणी उलट्या प्रमाणात करा. F⁻ ला 231 × 6.85 ÷ 11.70, म्हणजे सुमारे 135. Na⁺ ला उरलेले 96. पॉलिंगने अडवणुकीचा आकडा थोडा वेगळा, 4.5 च्या आसपास धरला होता, म्हणून त्याला 136 आणि 95 मिळाले. तुमच्या पहिल्या पुस्तकातले आकडे हेच.

---

वर्षा_शिक्षिका

छान मांडलंत. पण मुलं हेच गणित O²⁻ ला लावतात आणि फसतात, तेही सांगा. 135 × 4.85 ÷ 3.85 केलं की 170 येतं. तक्त्यात 140 आहे. माझ्या वर्गात दर वर्षी कुणी ना कुणी वही घेऊन येतं.

---

स्फटिकवेडा

बरोबर आहे, 170 येणारच. ते गणित असं धरून चालतं की आयनावर प्रभार एकच आहे आणि त्याला शेजाऱ्यांनी एकपट ओढलंय. O²⁻ असलेल्या स्फटिकात, उदाहरणार्थ मॅग्नेशियम ऑक्साइडमध्ये, दोन्ही बाजूंना दुप्पट प्रभार आहेत. ओढ चौपट होते आणि सगळी रचना आवळली जाते. पॉलिंगने यासाठी दुरुस्ती केली. निऑनसारख्या मांडणीच्या, दुहेरी प्रभाराच्या आयनांना ती सुमारे 0.79 ने गुणण्याइतकी येते. त्याचा दुरुस्तीपूर्वीचा आकडा 176 होता, तो 140 वर आला. Mg²⁺ चा 82 होता, तो 65 वर.

आता ताळा करून पाहा. 140 + 65 = 205. MgO मधलं मोजलेलं अंतर 210 च्या थोडं वर आहे. म्हणजे रीत ढोबळ आहे, पाच पिकोमीटरची चूक सहज होते. पण क्रम तिने कुठे बिघडत नाही.

102 आणि 133 हे आकडे शॅननच्या 1976 च्या तक्त्यातले. त्याने सिद्धांतावरून वाटणी केली नाही. ऑक्साइड आणि फ्लोराइडच्या पुष्कळ स्फटिकांमधली मोजलेली अंतरं घेतली, सहा शेजारी असलेल्या O²⁻ ला 140 आणि F⁻ ला 133 असा पाया धरला, आणि बाकीचे आयन त्या पायावर बसवले. त्याचा मोठा फायदा असा की शेजारी किती आहेत तेही तो विचारतो. Na⁺ भोवती चार शेजारी असले तर 99, सहा असले तर 102, आठ असले तर 118.

म्हणून मृण्मयी, ‘खरा आकडा कुठला’ याचं उत्तर: दोन्ही आपापल्या तक्त्यात चालतात. एका तक्त्यातला Na⁺ आणि दुसऱ्यातला F⁻ घेतलात की मात्र फसाल. 102 + 136 = 238 आणि 95 + 133 = 228, दोन्ही मोजलेल्या 231 पासून दूर जातात.

---

घनतानकाशा

मी थोडा विरोध नोंदवतो. बांध कुठे घालायचा हे ठरवावं लागतं असं सर म्हणतात, पण क्ष-किरणांच्या काळजीपूर्वक मोजणीतून दोन केंद्रकांमधली इलेक्ट्रॉनांची घनतासुद्धा काढता येते. एका केंद्रकापासून निघालं की ती उतरते, तळाला जाते, मग दुसऱ्याकडे चढते. तो तळ हाच नैसर्गिक बांध. लिथियम फ्लोराइडमध्ये तो शोधला तेव्हा Li⁺ चा आकार 92 आणि F⁻ चा 109 निघाला. पॉलिंगच्या तक्त्यात हेच 60 आणि 136 आहेत.

शॅननच्या तक्त्यात यासाठी दुसरा रकाना आहे, तो पुस्तकं छापत नाहीत. त्यात प्रत्येक धन आयन 14 ने मोठा आणि प्रत्येक ऋण आयन 14 ने लहान आहे. सहा शेजारी धरले तर O²⁻ 126, F⁻ 119, Na⁺ 116, Mg²⁺ 86. F⁻ आणि Na⁺ मध्ये फक्त 3 पिकोमीटर उरतात! मुलांना शिकवलं जाणारं ‘ऋण आयन म्हणजे भलामोठा गोळा आणि धन आयन म्हणजे बारका’ हे चित्र बरंचसं आपल्या वाटणीतून आलंय.

---

स्फटिकवेडा

त्या दुसऱ्या रकान्याबद्दल मी सहमत आहे. तो आकार म्हणून अधिक प्रत्यक्षाला धरून आहे. पण घनतेचा तळ फार सपाट असतो. तो नेमका कुठे आहे हे ठरवताना थोडी चूक झाली तरी बांध बराच सरकतो, आणि तोच आयन एका संयुगात एक आकार दाखवतो, दुसऱ्यात दुसरा. अंतरांची बेरीज जुळवायची असेल तर दोन्ही रकाने सारखेच उपयोगी, कारण 14 एकीकडे वाढवले ते दुसरीकडे कमी झाले. म्हणून रोजच्या कामाला मी पहिलाच वापरतो.

---

घनतानकाशा

बेरीज जुळते म्हणून वाटणी बरोबर, हे मला अजूनही पटत नाही. पण मृण्मयीच्या प्रश्नापुरतं एवढं महत्त्वाचं की दोन्ही रकान्यांत क्रम तोच राहतो.

---

विनू_कणकवली

मग एक सांगा. निऑनकडेही दहाच इलेक्ट्रॉन आहेत. तो या रांगेत कुठे? प्रोटॉन दहा, म्हणजे F⁻ आणि Na⁺ च्या मध्ये. पण तक्त्यात निऑनची त्रिज्या 154 दिसते. म्हणजे O²⁻ पेक्षाही मोठा?

---

वर्षा_शिक्षिका

विनू, 154 ही न जोडलेल्या, नुसत्या एकमेकांना टेकलेल्या अणूंची त्रिज्या आहे. निऑन बंध करतच नाही, त्यामुळे त्याला दुसरं माप मिळत नाही. ती आयनांच्या रांगेत घालायची नाही. प्रोटॉनांच्या हिशोबाने निऑन F⁻ आणि Na⁺ च्या मध्ये येतो, आणि परीक्षेत निऑन दिला असेल तर तेच अपेक्षित असतं. मी वर्गात तसंच सांगते.

---

घनतानकाशा

अपेक्षित असतं हे ठीक. पण स्फटिकातले आयन शेजाऱ्यांनी आवळलेले, आणि निऑन मोकळा. त्यांना एका पट्टीने मोजून कुणी क्रम लावलेला नाही. मोकळ्या अवस्थेतच तुलना करायची म्हटलं तर O²⁻ च अडतो. मोकळ्या ऑक्सिजन अणूला पहिला इलेक्ट्रॉन दिला की ऊर्जा बाहेर पडते, मोलमागे 141 किलोज्यूल. दुसरा द्यायला उलट सातशेहून अधिक किलोज्यूल खर्च येतो. एकट्या अवस्थेत O²⁻ तो इलेक्ट्रॉन धरून ठेवू शकत नाही. तो टिकतो स्फटिकात, भोवतीच्या धन आयनांच्या जोरावर. म्हणजे ‘O²⁻ चा आकार’ हा मुळात त्याच्या शेजाऱ्यांसकटचा आकार आहे.

---

मृण्मयी_अकरावी

हे पुस्तकात असायला हवं होतं. मी आता स्वतः एक रांग करून बघितली, अठरा इलेक्ट्रॉनवाली: S²⁻, Cl⁻, K⁺, Ca²⁺. प्रोटॉन 16, 17, 19, 20, म्हणून याच क्रमाने लहान होत जातील. तक्त्यात बघितलं तर 184, 181, 138, 100. जुळलं.

मग मिसळून बघितलं: F⁻, Na⁺, K⁺. Na⁺ आणि F⁻ दहावाले, K⁺ अठरावाला. K⁺ हा Na⁺ च्या खालचा, एक कवच जास्त, म्हणून Na⁺ पेक्षा मोठा. पण K⁺ आणि F⁻ मध्ये मोठा कोण? K⁺ कडे कवच जास्त आहे, पण प्रोटॉनही 19 आहेत. विनूदादांच्या युक्तीने F⁻ मोठा. माझ्या दुसऱ्या पुस्तकात K⁺ 138 आणि F⁻ 133.

---

विनू_कणकवली

माझ्याकडच्या जुन्या पुस्तकात K⁺ 133 आणि F⁻ 136 आहे. त्यात F⁻ च मोठा.

---

स्फटिकवेडा

दोघांची पुस्तकं आपापल्या जागी बरोबर आहेत. विनूचे आकडे पॉलिंगचे, मृण्मयीचे शॅननचे. KF मधलं अंतर सुमारे 267 आहे आणि 133 + 136 = 269, 138 + 133 = 271. दोन्ही बेरजा थोड्या जास्तच येतात, त्यामुळे त्यांवरून निवाडा होत नाही. दहा इलेक्ट्रॉनांच्या रांगेत क्रम कुठल्याही तक्त्यात बदलत नाही, कारण तिथे बदलणारी गोष्ट एकच आहे, प्रोटॉन. इथे कवच आणि प्रोटॉन दोन्ही बदलतात आणि एकमेकांविरुद्ध ओढतात.

---

घनतानकाशा

आणि दुसरा रकाना घेतला तर K⁺ 152, F⁻ 119. तिथे K⁺ सरळ सरळ मोठा.

---

वर्षा_शिक्षिका

मृण्मयी, K⁺ आणि F⁻ ची जोडी पर्यायात दिसली तर आधी प्रश्नात तक्ता दिलाय का ते बघ. तक्ता नसेल, तर बाकीच्या आयनांवरून किती पर्याय गळतात ते पाहा. बहुतेक वेळा त्या जोडीपर्यंत जावंच लागत नाही. तेवढ्यानेही सुटला नाही, तर तो प्रश्न पुढे ढकल आणि नंतर हरकत नोंदव. सोबत दोन्ही तक्त्यांची पानं जोड.